जीप एक, प्रकल्प तीन

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या सामाजिक संस्थेच्या कार्यालयात गेले, तर हिशेबनिसाच्या टेबलावर व्हाउचरच्या फायलींचा ढीग असतो, शेजारी जीपचे मळलेले लॉगबुक असते आणि खोलीत एकच प्रश्न फिरत असतो. वर्षभराचे भाडे कुठल्या प्रकल्पात टाकायचे? विजेचे बिल कुठे? ऑडिटरची फी? संचालक मान वर न करता सांगतात, "ज्यात पैसे उरलेत त्यात टाक."

हे उत्तर इतके सर्रास ऐकू येते की त्यात काही गैर आहे असे कुणाला वाटतही नाही. पैसे खाल्लेले नाहीत, भाडे खरोखर दिलेले आहे, पावती आहे. पण ज्या कंपनीने पाणलोटाच्या कामासाठी पैसे दिले, तिच्या पैशातून आरोग्य प्रकल्पाच्या खोलीचे भाडे गेले, तर ते तिला सांगितलेले नसते. शिवाय अशा वाटपामुळे कुठला प्रकल्प संस्थेला खरोखर केवढ्याला पडतो, हे संस्थेलाही कधी कळत नाही.

आकडे घेतल्याशिवाय या भानगडीतली मेख दिसत नाही. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करणारी एक काल्पनिक संस्था समोर ठेवू. आकडे सोपे केलेले आहेत, पण अशी रचना असलेल्या संस्था महाराष्ट्रात कितीतरी सापडतील.

या संस्थेचे तीन प्रकल्प आहेत. पहिला पाणलोटाचा. पुण्याच्या एका कंपनीच्या सीएसआर निधीतून त्यावर वर्षाला ६० लाख रुपये खर्च होतात आणि त्यातले ४० लाख माती-नाला बांध, सलग समतल चर यांसाठी जेसीबीवाल्या ठेकेदारांना जातात. दुसरा माता-बालक आरोग्याचा. त्याला परदेशातून पैसे येतात आणि खर्च ३० लाख, मुख्यतः परिचारिका आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मानधनावर. तिसरा गावोगावी बालवाचनालये चालवण्याचा, १० लाखांचा, मुंबईच्या एका छोट्या ट्रस्टच्या मदतीने. तिन्हींचा थेट खर्च मिळून एक कोटी.

याशिवाय २० लाख असे आहेत, जे कुठल्याच एका प्रकल्पाचे नाहीत. कार्यालयाचे भाडे, वीज आणि इंटरनेट मिळून ४ लाख. हिशेबनिसाचा पगार आणि ऑडिट ५ लाख. जीप, म्हणजे ड्रायव्हर, डिझेल, विमा, दुरुस्ती, असे ५ लाख. संचालकांचे मानधन ६ लाख. हाच सामाईक खर्च, ज्याला संस्थांमध्ये 'ओव्हरहेड' किंवा 'अ‍ॅडमिन' म्हणतात.

तो वाटायचा कसा?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे थेट खर्चाच्या प्रमाणात. एक कोटीवर २० लाख, म्हणजे सरसकट २० टक्के. पाणलोटाकडे १२ लाख, आरोग्याकडे ६, वाचनालयाकडे २. पाच मिनिटांचे काम. पण पाणलोटाचे ४० लाख कसे खर्च झाले ते पाहा. ठेकेदारांची मोजकीच मोठी बिले, मोजमाप पुस्तिकेवर सही, बँकेतून आरटीजीएस. या ४० लाखांसाठी हिशेबनिसाचे फार तर दहा-बारा दिवस गेले असतील. त्याच हिशेबनिसाला आरोग्य प्रकल्पातल्या परिचारिकांची प्रवासबिले, मातांच्या बैठकांच्या चहा-नाश्त्याच्या पावत्या, औषधांची किरकोळ खरेदी यांसाठी रोज बसावे लागते. म्हणजे पाणलोटाला १२ लाख लागले ते त्याने कार्यालय जास्त वापरले म्हणून नव्हे. जेसीबी महाग असतो म्हणून लागले.

ही चूक फार जुनी आहे आणि निधी देणाऱ्या मोठ्या यंत्रणांना ती चांगली ठाऊक आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या, पण स्वतःचा ओव्हरहेडचा दर ठरवून न घेतलेल्या संस्थेला एक ठोक दर घेता येतो. तो पूर्वी १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्के झाला. मात्र हा दर सगळ्या खर्चावर लागत नाही. मोठी यंत्रसामग्री त्यातून वगळतात आणि दुसऱ्या संस्थेला पुढे दिलेल्या अनुदानाचे फक्त पहिले ५० हजार डॉलर धरतात. युरोपीय संघाच्या 'होरायझन युरोप' या संशोधन योजनेत ओव्हरहेडसाठी सरसकट २५ टक्के मिळतात, पण बाहेर ठेक्याने दिलेले काम आधी वजा करून. कारण तेच. पैसा नुसता हातातून पुढे गेला, तर त्यामागे कार्यालय तेवढे राबत नाही.

आपल्या संस्थेत ठेकेदारांचे ४० लाख बाजूला काढले की आधार उरतो ६० लाखांचा: पाणलोट २०, आरोग्य ३०, वाचनालय १०. त्यावर २० लाख वाटले की पाणलोटाकडे ६ लाख ६७ हजार, आरोग्याकडे १० लाख, वाचनालयाकडे ३ लाख ३३ हजार येतात. एक रुपयाही जास्त खर्च झालेला नाही, कुणी काही लपवलेले नाही, आणि तरी पाणलोटाचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला. सामाईक खर्चाच्या वाटपात भांडण आकड्यांवरून क्वचितच होते. ते भागाकारात खाली काय घ्यायचे, यावरून होते.

माणसे मोजून वाटायचे म्हटले तर तिसरेच उत्तर येते. पाणलोटात ५ माणसे, आरोग्यात १०, वाचनालयात ५, म्हणजे ५, १० आणि ५ लाख. पण वाचनालयाच्या पाच जणींपैकी चौघी आपापल्या गावात दिवसाला दोन तास काम करतात आणि कार्यालयात महिन्यातून एकदा बैठकीला येतात. त्यांना पूर्णवेळ परिचारिकेइतके धरणे म्हणजे दहा लाखांच्या प्रकल्पावर पाच लाखांचे ओझे टाकणे. डोकी मोजायचीच असतील, तर निदान पूर्णवेळाच्या हिशेबात मोजावीत.

आता हौसिंग सोसायटीत राहणाऱ्या वाचकाला आपल्या मेंटेनन्सच्या बिलाची आठवण होईल. तळमजल्यावरचे काका लिफ्टच्या खर्चावरून दर सर्वसाधारण सभेत उभे राहतात, ते उगाच नाही. पण महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे: सगळा खर्च एकाच मापाने मोजलेला नाही. सेवा शुल्क सर्व सदनिकांत समान. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. लिफ्टचा खर्च मात्र त्या इमारतीतल्या सर्वांवर सारखा, वापर असो वा नसो. तळमजल्यावरच्या काकांना हे शेवटचे पटत नाही ही गोष्ट वेगळी. पण प्रत्येक खर्चाला त्याचा स्वतःचा आधार द्यायचा, ही पद्धत तीच आहे, जी १९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी अमेरिकी कारखान्यांच्या हिशेबासाठी मांडली. खर्च कशामुळे होतो ते शोधायचे आणि त्या कारणाच्या मापाने वाटायचे.

आपल्या संस्थेत हे करून पाहू.

भाड्याचे कारण जागा आहे. कार्यालयातली सगळ्यांची सामाईक जागा सोडली, तर उरलेल्या जागेपैकी निम्मी आरोग्याकडे आहे आणि पाव-पाव बाकीच्या दोघांकडे. वाचनालयाचे टेबल एकच, पण पुस्तकांची कपाटे भिंतभर आहेत. त्यामुळे चार लाखांतले पाणलोटाचे १, आरोग्याचे २, वाचनालयाचे १ लाख.

हिशेबाच्या कामाचे कारण व्हाउचर. टॅलीमध्ये प्रत्येक नोंद प्रकल्पाच्या कॉस्ट सेंटरखाली टाकली असेल तर मोजणी आयतीच मिळते. वर्षाची दोन हजार व्हाउचर आहेत. त्यांतली पाणलोटाची ३००, आरोग्याची १२००, वाचनालयाची ५००. पाच लाख या प्रमाणात वाटले की ७५ हजार, ३ लाख आणि सव्वा लाख. दहा लाखांच्या वाचनालयाची व्हाउचर साठ लाखांच्या पाणलोटापेक्षा जास्त, हे पाहून संचालक प्रथम चकित होतात. पण गावागावातून येणाऱ्या शंभर-दोनशे रुपयांच्या पावत्या आठवल्या की मान हलवतात.

जीपचे कारण किलोमीटर. लॉगबुकाप्रमाणे जीप वर्षात २५ हजार किलोमीटर धावली: पाणलोटासाठी साडेबारा हजार, आरोग्यासाठी दहा हजार, वाचनालयासाठी अडीच हजार. किलोमीटरला २० रुपये पडले. वाटे झाले अडीच लाख, दोन लाख आणि पन्नास हजार.

संचालकांचे कारण वेळ. त्यांच्या वेळपत्रकात पाणलोटाला २५ टक्के, आरोग्याला ३५, वाचनालयाला १० टक्के वेळ निघतो. म्हणजे दीड लाख, दोन लाख दहा हजार आणि साठ हजार. उरलेला ३० टक्के वेळ विश्वस्तांच्या सभा, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रे आणि नव्या देणगीदारांच्या भेटींत गेला. त्याची किंमत १ लाख ८० हजार. हा वेळ आजच्या कुठल्याच प्रकल्पाने मागितलेला नाही. उद्याचा देणगीदार शोधायचा खर्च आजच्या देणगीदाराच्या माथी मारणे योग्य नाही. अमेरिकेच्या सरकारी अनुदानाच्या नियमांत तर निधी उभारणीचा खर्च सरळ अमान्य आहे. तेव्हा हे एक लाख ऐंशी हजार संस्थेच्या स्वतःच्या निधीवर ठेवावेत.

बेरीज केली की पाणलोटाकडे ५ लाख ७५ हजार, आरोग्याकडे ९ लाख १० हजार, वाचनालयाकडे ३ लाख ३५ हजार येतात आणि संस्थेकडे १ लाख ८० हजार उरतात. थेट खर्चाच्या टक्क्यांत पाहिले तर पाणलोटाला साडेनऊच्या थोडे वर, आरोग्याला तीस आणि वाचनालयाला साडेतेहतीस टक्के. पहिल्या पद्धतीत सगळ्यांना सरसकट वीस होते. छोटा प्रकल्प स्वस्त असतो हा समज इथे मोडतो. दहा लाखांच्या प्रकल्पालाही अहवाल, ऑडिट, बैठका आणि फायली जवळजवळ तेवढ्याच लागतात.

या पद्धतीत कुणालाही न सुटणारा एक तिढा राहतो, आणि तो जीपमध्येच आहे. लॉगबुकात 'आरोग्य, २५ किमीवरचे गाव' अशी नोंद असते. पण त्याच रस्त्यावर १५ किलोमीटरवरच्या गावात जीप थांबली आणि वाचनालयाची पुस्तकांची पेटी उतरवली. जाऊन-येऊन ५० किलोमीटर झाले. वाचनालयाची ताई म्हणते, "जीप तशीही जाणारच होती, आमचे काहीच लागत नाही." आरोग्याचा समन्वयक म्हणतो, "तुम्ही स्वतंत्र गेला असता तर तीस किलोमीटरचे पैसे पडले असते, ते द्या." दोघांचेही बरोबर वाटते, ही खरी अडचण.

या अडचणीवर विमानतळाच्या धावपट्टीवरून एक सुरेख उत्तर मिळालेले आहे. लहान विमानाला धावपट्टी आखूड पुरते, मोठ्याला लांब लागते. मग लांब धावपट्टीचा खर्च विमानांनी कसा वाटून घ्यावा? अमेरिकी गणिती लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये एकत्र केलेल्या कामाचा वाटा ठरवण्याची एक रीत मांडली होती. त्यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी दाखवले की धावपट्टीच्या बाबतीत ही अवघड रीत अगदी सोपी होते. धावपट्टीचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च जे तो तुकडा वापरतात त्यांच्यातच सारखा वाटा. पुढे ही रीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळाच्या आकड्यांवर लावून पाहिली गेली.

आपला रस्ता म्हणजे हीच धावपट्टी. पहिले १५ किलोमीटर दोघे वापरतात, पुढचे १० फक्त आरोग्य. जाऊन-येऊन पहिल्या तुकड्याचे ३० किलोमीटर झाले, ते अर्धे-अर्धे, १५-१५. पुढच्या तुकड्याचे २० किलोमीटर आरोग्याचे. म्हणून वाचनालय १५, आरोग्य ३५. ताईला स्वतंत्र जाण्यापेक्षा निम्म्यात पडले आणि समन्वयकाला एकट्याने जाण्यापेक्षा १५ किलोमीटर कमी. भांडण मिटते. पण दर फेरीला असे गणित मांडायचे नसते. महिन्यातून एकदा ड्रायव्हरकडून सामाईक फेऱ्यांची यादी घेऊन केले तरी पुरे. त्यापेक्षा बारीक हिशेब करायला बसणारा माणूसच पुन्हा सामाईक खर्चात भर घालतो.

इथवर संस्थेने आपल्यापुरते न्याय्य वाटप केले. पण पैसे देणाऱ्यांचे स्वतःचे नियम असतात, आणि ते या वाटपाशी जुळतातच असे नाही.

पाणलोटाची कंपनी म्हणते, पाच टक्क्यांवर अ‍ॅडमिन देता येत नाही, कायदा आहे. कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. त्याखालच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण प्रशासनावर करायच्या खर्चाला आहे, आणि तीही कंपनीच्या वर्षभराच्या एकूण सीएसआर खर्चाच्या प्रमाणात. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने या खर्चाची व्याख्याच दिली, आणि एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यातून वगळला. संस्थेच्या कार्यालयभाड्याला ती मर्यादा लावायची हे कुठेच म्हटलेले नाही. तरी वाटाघाटीच्या टेबलावर पाच टक्के हा आकडा इतका रुळला आहे की संस्थाही तो देववाक्यासारखा मान्य करतात.

आरोग्य प्रकल्पाच्या बाबतीत मात्र कायदा खरोखर आड येतो. परदेशी देणग्यांचा एफसीआरए हा २०१० चा कायदा. त्यात प्रशासकीय खर्चाला आधी ५० टक्के मर्यादा होती, सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आणली. म्हणजे परदेशी देणगीदार कितीही उदार असला, तरी त्याच्या देणगीतून प्रशासनावर त्याहून जास्त खर्च केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. आता प्रशासकीय खर्च म्हणजे काय, याची यादी नियमांत आहे. भाडे, वीज, फोन, छपाई, कायदेशीर आणि व्यावसायिक फी, हिशेब ठेवण्याचा खर्च, हे अपेक्षितच. पण त्याच यादीत वाहन चालवण्याचा आणि देखभालीचा खर्चही बसलेला आहे. दुसरीकडे, संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट केलेला खर्च वगळावा असेही नियम सांगतो, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार किंवा शाळेतल्या शिक्षकांचे पगार ही उदाहरणे देतो.

मग परिचारिकेला वस्तीवर नेणाऱ्या जीपचे डिझेल कशात? आपल्या संस्थेत हा प्रश्न दोन लाखांचा आहे. आरोग्याच्या वाट्याला आलेल्या ९ लाख १० हजारांतून जीप वगळली तर ७ लाख १० हजार उरतात. समजा, देणगीदाराने ३७ लाख दिले आहेत. त्याचे २० टक्के होतात ७ लाख ४० हजार. जीप बाहेर राहिली तर संस्था मर्यादेच्या आत, जीप आत आली तर बाहेर. इथे लॉगबुक हा ड्रायव्हरचा कागद राहत नाही, कायदेशीर पुरावा होतो. 'फील्ड' असे नुसते लिहिलेल्या नोंदीला काही अर्थ नसतो. कुठली वस्ती, कशासाठी, सोबत कोण, हे लिहिलेले असेल तर 'ही फेरी लसीकरणाची होती' असे ऑडिटरपुढे म्हणता येते.

परदेशी पैशाची आणखी एक अडचण आहे, तिचा विचार फार थोडे लोक आधी करतात. हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच उतरावा लागतो, आणि देशी पैशात मिसळता येत नाही. त्यामुळे पूर्ण भाडे देशी खात्यातून भरायचे आणि वर्षाअखेरीस आरोग्याचा निम्मा वाटा परदेशी खात्यातून वळता करायचा, ही सोय धोक्याची ठरते. शहाणा हिशेबनीस घरमालकाला दर महिन्याला दोन खात्यांतून दोन रकमा देतो. त्यासाठी वाटपाचे प्रमाण एप्रिलमध्येच ठरलेले असावे लागते.

मुंबईचा छोटा ट्रस्ट सगळ्यांत सरळ आहे. त्यांच्या पत्रात एकच ओळ असते: कार्यालयीन खर्च मान्य नाही. त्यांचे पैसे मुलांपर्यंत पोचावेत, भाड्यात जाऊ नयेत, ही भावना समजण्यासारखी आहे. पण पुस्तकांची कपाटे कुणाच्या तरी छपराखाली उभी राहतात, आणि पाचशे व्हाउचर कुणीतरी लिहितो. ट्रस्टने नकार दिला म्हणून वाचनालयाचे ३ लाख ३५ हजार नाहीसे होत नाहीत. ते दुसरे कुणीतरी भरते.

मोह होतो तो इथे. हिशेबनीस वाचनालयाचा वाटा हळूच आरोग्यात सरकवतो, कारण तिथे १५ टक्के अ‍ॅडमिन मंजूर आहे. पुढच्या वर्षी आरोग्याचा देणगीदार बदलतो, मग तो पाणलोटात सरकतो. कुठल्याही ऑडिटरला हे ओळखायला फार वेळ लागत नाही, कारण खुणा ठरलेल्या असतात. वर्षभराची वेळपत्रके एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली असतात. वाटपाचे टक्के बजेटातल्या मंजूर टक्क्यांशी दर महिन्याला अचूक जुळतात, जे खऱ्या कामात कधीच जुळत नाहीत. एकाच बिलाची झेरॉक्स दोन प्रकल्पांच्या फायलीत निघते. या शेवटच्या रोगावर जुना आणि स्वस्त इलाज आहे, तो म्हणजे रबरी शिक्का. मूळ बिलावर 'प्रकल्प, रक्कम, टक्के' असा शिक्का मारून वाटप तिथेच लिहायचे. एकदा चार लाखांचे चार लाख मूळ बिलावर वाटले गेले की पाचवा लाख कुठे दाखवता येत नाही.

सगळ्यांत फसवी चूक मात्र बजेट लिहितानाच होते, आणि बहुधा कुणाच्याही मनात खोट नसताना. संचालक जानेवारीत कंपनीला प्रस्ताव देतात, त्यात स्वतःच्या मानधनाचा ४० टक्के हिस्सा मागतात. जूनमध्ये परदेशी देणगीदाराला प्रस्ताव जातो, त्यात ५० टक्के. सप्टेंबरमध्ये ट्रस्टकडे ३० टक्के. तिन्ही मंजूर झाले तर एक माणूस १२० टक्के झाला. प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे वाचला तर निर्दोष असतो. सगळे प्रस्ताव एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून आडवी बेरीज केली तरच हे दिसते. हा कागद ज्या संस्थेत नाही, तिथे बाकीच्या बारकाव्यांत शिरण्यात अर्थ नाही.

या सगळ्या आकड्यांचा एक गैरवापरही होतो. समजा, विश्वस्तांच्या सभेत कुणी म्हणाले: वाचनालयाला १० लाख येतात, खर्च मात्र सामाईक वाटा धरून १३ लाख ३५ हजार. दरवर्षी तीन लाखांचा तोटा. बंद करा. ऐकायला चोख वाटते. पण वाचनालय बंद केल्याने काय वाचेल? भाडे तेवढेच राहील. घरमालक कपाटांची भिंत परत घेऊन पैसे कमी करणार नाही. हिशेबनिसाचा पगार कमी होणार नाही, ऑडिटची फी बहुतेक तीच राहील, संचालकांचे मानधनही तेच. जीपचा ड्रायव्हर आणि विमा चालूच. वाचेल ते फक्त अडीच हजार किलोमीटरचे डिझेल, किलोमीटरला आठ रुपये धरले तर २० हजार रुपये. उरलेले ३ लाख १५ हजार पुढच्या वर्षी पाणलोट आणि आरोग्य यांच्या डोक्यावर बसतील. मग आरोग्य प्रकल्प महाग दिसू लागेल, आणि त्याच तर्काने तोही बंद करावासा वाटेल. कारखान्यांच्या दुनियेत याच मार्गाने अनेकांनी एकेक उत्पादन बंद करत शेवटी गेटला कुलूप लावले आहे.

म्हणजे वाटपाचा आकडा 'कुणाकडून किती मागायचे' या प्रश्नाचे उत्तर देतो. 'काय बंद केले तर किती वाचेल' या प्रश्नाला वेगळा हिशेब लागतो. विश्वस्तांच्या सभेत हे दोन कागद वेगळे ठेवावेत, आणि कुठला कागद हातात आहे ते बोलण्याआधी पाहावे.

ट्रस्टशी बोलण्याची रीतही यातूनच सापडते. 'आम्हाला ३३ टक्के ओव्हरहेड द्या' असे म्हटले तर दार बंद होते. जीपचे ५० हजार लॉगबुकासकट 'पुस्तकपेट्यांची वाहतूक' म्हणून थेट खर्चात लिहिता येतात, कारण ते आहेतच तसे. व्हाउचरच्या मोजणीवरून निघालेले सव्वा लाख 'प्रकल्पाचा हिशेब व ऑडिट' या नावाने वेगळ्या ओळीत मागता येतात, सोबत पाचशे व्हाउचरची यादी जोडून. कपाटांच्या जागेचे १ लाख 'पुस्तकांच्या साठवणीची जागा'. अशी ओळ-ओळ मांडली की २ लाख ७५ हजारांना नाव आणि पुरावा मिळतो. संचालकांचे ६० हजार राहतात. ते ट्रस्ट देणार नाही हे धरून चालावे आणि संस्थेच्या मुदत ठेवीच्या व्याजातून भरावेत. मात्र दर वर्षीच्या ताळेबंदात ती रक्कम 'वाचनालय: संस्थेचा हिस्सा' अशी लिहिलेली असावी. पाच वर्षांनी ट्रस्टचे नवे विश्वस्त येतील तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला ती ओळ उपयोगी पडते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नवे लॉगबुक उघडण्याआधी, हे सगळे एका पानावर लिहून सभेत मंजूर करून घ्यायचे असते: भाड्याला जागा, हिशेबाला व्हाउचर, जीपला किलोमीटर, संचालकांना वेळपत्रक, सामाईक फेरीला रस्त्याचे तुकडे. एखादा प्रकल्प सप्टेंबरात संपला तर ऑक्टोबरपासून नवे प्रमाण धरायचे, मागच्या सहा महिन्यांचे बदलायचे नाही, हेही त्याच पानावर. खाली विश्वस्तांची सही आणि तारीख. त्या पानाची एक प्रत हिशेबनिसाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली जाते, आणि ड्रायव्हरला सांगितले जाते की या वर्षीपासून नुसते 'फील्ड' लिहिलेले चालणार नाही.